शब्दचर्चा : ‘खात्री करण्यात यावी’ म्हणजे नेमके कोणी काय करायचे?

कुंडईची स्टोअरवाली
आमचा औषधांच्या घाऊक वितरणाचा धंदा आहे, कुंडई औद्योगिक वसाहतीत. कोल्ड रूममध्ये इन्सुलिन आणि लशी, २ ते ८ अंशांत. संकटकाळात काम चालू ठेवण्याचा आराखडा ४६ पानांचा, इंग्रजीत आहे. त्यातून पहिल्या तासापुरती, माणसागणिक एका पानाची कार्डे करायची आहेत, आणि मराठीत, कारण रात्रपाळीचे दोघेही मराठीच वाचतात. मी आराखड्यातले वाक्य असे उतरवले होते : ‘वीजपुरवठा खंडित झाल्यास संबंधितांना तात्काळ कळवण्यात यावे व शीतकक्षाचे तापमान मर्यादेत राहील याची खात्री करण्यात यावी.’

गेल्या महिन्यात सराव घेतला. मेन स्विच पाडला, जनरेटर मुद्दाम बंद ठेवला. राखणदाराने कार्ड वाचले आणि कोल्ड रूमचे दार उघडून आत गेला. वीस मिनिटांत तीनदा. दाराबाहेर दिसणारा आतल्या तापमानाचा आकडा ४ वरून ७ वर गेला. का उघडलेस म्हणून विचारले, तर म्हणाला, ‘खात्री करा असे लिहिलेय ना ताई.’ त्याचे काय चुकले? मला इथे दुसरा शब्द हवा. आणि या कार्डाला मराठीत म्हणायचे काय? भूमिकापत्र?

डिचोलीचे मास्तर
त्याचे काहीच चुकले नाही. मराठीत खात्री ‘करणे’ म्हणजे स्वतः जाऊन पडताळणे. दाराला कडी लावली की नाही याची आपण खात्री करतो तेव्हा उठून दारापाशी जातो. तुमच्या मूळ इंग्रजी वाक्याला ‘तसे घडेल असे करा’ म्हणायचे होते. ‘सुनिश्चित करावे’ लिहिले तरी तेच, नुसते जड होईल. इथे शब्द बदलून भागणार नाही. तापमान मर्यादेत राहावे म्हणून राखणदाराच्या हातून जे होऊ शकते तेच लिहावे लागेल. ते एकच आहे : दार उघडू नका.

दुसरे, ‘करण्यात यावे’. या प्रयोगात कर्ता लपतो. परिपत्रकात ती सोय असते, कारण तिथे काम कोणाचे ते मागाहून ठरवता येते. कार्डावर आज्ञार्थ हवा : फोन करा, लिहा, थांबा. आज्ञार्थ समोरच्यालाच उद्देशून असतो, त्यामुळे कर्ता आपोआप येतो.

रंगपट
भूमिकापत्र म्हटल्यावर वाटले जत्रेच्या नाटकाची गोष्ट आहे! आमच्या गावात आम्ही त्याला नक्कल म्हणतो. पूर्ण संहिता प्रत्येकाला देत नाहीत. आपापली वाक्ये तेवढी उतरवून देतात, आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द. ते कानावर पडले की आपण बोलायचे. पाठांतर चोख असूनही ते शेवटचे शब्द न मिळाल्यामुळे गप्प उभे राहिलेले नट मी पाहिले आहेत. विषय वेगळा असेल तर माफ करा.

वास्को बंदर
रंगपटबाब, माफी कसली, मुद्दा तिथेच आहे. मी बरीच वर्षे हेच काम करतो. ताईंच्या वाक्यात ‘तात्काळ’ आहे, पण काय दिसल्यावर तात्काळ? लाइट गेल्यावर? जनरेटर सुरू न झाल्यावर? आकडा चढल्यावर? प्रत्येक कार्डाच्या माथ्यावर ‘केव्हा’ लिहा, आणि ते त्या माणसाला डोळ्यांनी दिसणारे किंवा कानांनी ऐकू येणारे असू दे.

अमेरिकेतल्या इस्पितळांत अशी पाने फार पूर्वीपासून आहेत. त्यांवर कामे काळानुसार तोडलेली असतात : पहिले २ तास, मग १२ तासांपर्यंत, मग पुढचे. तुमच्या कोल्ड रूमला २ तास परवडतील का, ते आधी मोजा. खोली नेहमीइतकी भरलेली, दार बंद, वीज बंद, आणि ८ अंशांना पोचायला किती वेळ लागतो ते लॉगरवर बघा. हे मे महिन्यात करा, थंडीतला आकडा फसवतो. अर्थात माल आधी दुसऱ्या कोल्ड रूममध्ये हलवून आत पाण्याच्या बाटल्यांची खोकी रचायची.

म्हापसेकर
माझा नियम सोपा आहे. कार्डावर माणसाचे नाव लिहायचे नाही, पद लिहायचे. माणसे सोडून जातात, पद राहते. आणि प्रत्येक कार्डावर खाली ‘बदली : अमुक पद’.

कुंडईची स्टोअरवाली
पहिले पटते, पण अर्धेच. आराखड्यात ‘सुरक्षा पर्यवेक्षक’ हे पद आहे आणि रात्री अकराला त्या पदावर कोणीच नसते. असतो एजन्सीचा राखणदार. म्हणून मी ‘रात्री गेटवर जो असेल तो’ असे लिहिले आहे.

‘बदली’ने मात्र घोटाळा केला. आमच्या हिशेबनीसाने स्वतःचे कार्ड वाचून विचारले, ‘माझी बदली कुठे केली?’ गोव्यात बऱ्याच घरांत कोणीतरी सरकारी नोकरीत. बदली म्हटले की त्यांना दूरचे काणकोण आठवते.

म्हापसेकर
पण ‘बदली कामगार’, ‘बदली खेळाडू’ हे रूढ आहे की. ‘पर्यायी व्यक्ती’पेक्षा बरे.

डिचोलीचे मास्तर
विशेषण म्हणून रूढ आहे, म्हापसेकर. एकटे नाम म्हणून पुढे कोलन देऊन लिहिले की अर्थ पलटतो. ‘ते न मिळाल्यास’ एवढे पुरे.

वास्को बंदर
‘न मिळाल्यास’ला माप द्या. किती रिंगनंतर मिळाले नाही म्हणायचे? नाहीतर माणूस एकाच नंबरावर दहा मिनिटे घालवतो.

कुंडईची स्टोअरवाली
मास्तरांनी सांगितल्यावर मी आराखड्यातून उतरवलेली पहिल्या तासाची सगळी ‘यावे’वाली वाक्ये वेगळी काढली आणि प्रत्येकापुढे ‘कोणी?’ लिहिले. २३ वाक्ये निघाली. १४ माझ्यावर आली. त्यांतली तीन एकाच पंधरा मिनिटांतली : जनरेटरपाशी मेकॅनिकबरोबर उभे राहणे, कोल्ड रूमचा आकडा टिपणे, आणि रेफ्रिजरेटेड गाडीसाठी फोन. शिवाय मी माशेलहून यायची, पावसात. मूळ मजकुरात हे दोन वर्षे कोणाला दिसले नाही, मलाही नाही. आता गाडीचा फोन हिशेबनीस घरून करतो, आकडा राखणदार टिपतो. त्याचे नवे कार्ड असे :

> रात्री गेटवर असाल तर
> केव्हा : लाइट गेली आणि २ मिनिटांत जनरेटरचा आवाज आला नाही.
> १. वेळ इथे लिहा : ____
> २. स्टोअर-इनचार्जला फोन करा. दोनदा करूनही न उचलल्यास मॅनेजरला.
> ३. कोल्ड रूमचे दार उघडू नका. कोणालाही उघडू देऊ नका.
> ४. दाराबाहेरचा आकडा दर १० मिनिटांनी मागच्या बाजूला लिहा.
> ५. आकडा ७ दिसला की पुन्हा फोन करा.
> ६. स्टोअर-इनचार्ज आल्या की हे कार्ड त्यांच्या हातात द्या.

दाराबाहेरचा आकडा बॅटरीवर चालतो, ते आधी तपासले. फोन नंबर वेगळ्या चिकटपट्टीवर, तारखेसह.

वास्को बंदर
सहावी ओळ फार चांगली. काम एकाकडून दुसऱ्याकडे जाते तिथेच गळते. ‘कोणालाही’बद्दल मात्र शंका आहे. मालक स्वतः आले आणि दार उघडा म्हणाले तर राखणदार त्यांना अडवेल?

कुंडईची स्टोअरवाली
सरावात अडवले नाही. मालकांच्या कार्डावरही ‘दार उघडू नका’ लिहायचे का, त्यावर घरात चर्चा चालू आहे. आकडा ८ च्या वर गेलेल्या मालाला काय म्हणायचे तेही अडले आहे. ‘खराब’ लिहिले तर कोणीतरी फेकून देईल. गुणवत्तेवाले उत्पादकाला विचारून ठरवेपर्यंत तो फक्त विकायचा नाही.

डिचोलीचे मास्तर
‘रोखलेला माल’. टाकला असे वाटत नाही, विकता येईल असेही वाटत नाही.

म्हापसेकर
‘रोख’ म्हटले की दुकानात पैसे आठवतात, मास्तर. ‘अडवून ठेवलेला’ म्हणा.

रंगपट
आणि कार्डाचे नाव? नक्कल ठेवा!

डिचोलीचे मास्तर
आमच्या पिढीला कळेल. आज नक्कल म्हटले की पोरांना परीक्षेतली कॉपी आठवते.

कुंडईची स्टोअरवाली
राखणदार त्याला ‘माझा कागद’ म्हणतो. तूर्त माथ्यावर तेच छापले आहे. पुढचा सराव पावसाळ्यात, रविवारी रात्री, मी फोन न उचलता.