मदत हवी आहे: आयपॅडला कीबोर्ड जोडलेला असताना कीबोर्डवरूनच स्क्रीनशॉट कसा घ्यायचा?

वाचनवेडी

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनगटातल्या ज्येष्ठ सभासदांसाठी मी एका अ‍ॅपची सचित्र माहितीपुस्तिका तयार करतेय. कुठे दाबायचं, दाबल्यावर काय दिसतं, असं पायरीपायरीने. त्यासाठी आयपॅडचे स्क्रीनशॉट भराभर घ्यावे लागतात. आयपॅड स्टँडवर आडवा ठेवलेला असतो आणि समोर ब्लूटूथ कीबोर्ड. कडेची दोन बटणं एकदम दाबायची म्हणजे दर वेळी हात उचलायचा, आयपॅड मागून धरायचा. एक बटण किंचित आधी दाबलं गेलं की स्क्रीन तरी बंद होते, नाहीतर आवाज वरखाली होतो. जरा जास्त वेळ दाबून राहिलं तर आयपॅड बंद करायची पट्टीच समोर येते.

कमांड + शिफ्ट + 3 दाबलं की स्क्रीनशॉट निघतो असं वाचलं. माझ्याकडे निघत नाही. स्पेसबारच्या डाव्या बाजूला लागून जे बटण आहे त्यावर आल्ट आणि कमांड अशी दोन्ही नावं छापलेली आहेत, मी तेच दाबतेय. नोट्स उघडं असताना दाबलं तर ‹ असं एक बारकं चिन्ह उमटतं. बाकी अ‍ॅपमध्ये काहीच होत नाही. बटणांनी स्क्रीनशॉट व्यवस्थित निघतो, म्हणजे आयपॅड ठीक असावा. भाषा इंग्रजीच निवडलेली आहे. कुणाला काही सुचतंय का?

रवी_प

कमांड + शिफ्ट + 4 वापरून बघा. अधिकचं चिन्ह येतं, ते ओढून हवा तेवढाच भाग निवडायचा. पुस्तिकेसाठी तेच बरं पडेल, कातरत बसावं लागणार नाही. आणि 5 दाबलंत तर रेकॉर्डिंगची पट्टीही येते. मी रोज वापरतो.

खटपट्या

रवी, तुम्ही सांगताय ते मॅकवरचं. आयपॅडवर 4 चं काम निराळं आहे. तिथे आधी भाग निवडता येत नाही. पूर्ण स्क्रीनचाच फोटो निघतो आणि लगेच खुणा करायच्या पानावर उघडतो. 3 ने फोटो निघून कोपऱ्यात छोटा दिसतो आणि तुम्ही काही केलं नाही तर आपोआप फोटोंमध्ये जाऊन बसतो. आयपॅडवर स्क्रीनचं रेकॉर्डिंग कंट्रोल सेंटरमधून सुरू करायचं असतं.

वाचनवेडी, तुम्ही ते ‹ चिन्ह सांगितलंत ते फार बरं केलंत, निदान तिथेच आहे. अमेरिकन इंग्रजी मांडणीत ऑप्शन + शिफ्ट + 3 दाबलं की नेमकं हेच चिन्ह उमटतं. म्हणजे ते बटण तुम्ही कमांड समजून दाबताय, पण आयपॅडपर्यंत ते ऑप्शन म्हणून पोचतंय. शिफ्ट आणि 3 बरोबर पोचताहेत.

असं होण्याचं कारण कीबोर्डमध्ये आहे. दोन नावं छापलेली बटणं असलेले कीबोर्ड विंडोजलाही चालतात आणि अ‍ॅपलच्या उपकरणांनाही, आणि कुठल्या पद्धतीने चालायचं ते कीबोर्ड स्वतःकडे लक्षात ठेवतो. तुमचा आत्ता विंडोजच्या पद्धतीत आहे. त्या पद्धतीत स्पेसबारशेजारचं बटण आल्ट असतं, आणि आल्टला आयपॅड ऑप्शन मानतो. विंडोजचं बटण त्याच्या पलीकडे असतं, त्याला आयपॅड कमांड मानतो. म्हणून आधी काहीही न बदलता एवढंच करा: स्पेसबारपासून डावीकडे दुसरं बटण धरा आणि शिफ्ट + 3 दाबा. फोटो निघाला तर निदान पक्कं.

वाचनवेडी

निघाला! स्क्रीन क्षणभर चमकली आणि खाली डाव्या कोपऱ्यात छोटा फोटो आला. खूप आभार. पण आता हाताला सवय लावायची ती या दुसऱ्या बटणाची का? त्यावर ऑप्शन छापलंय, आणि कॉपी-पेस्ट करतानाही मला तेच दाबावं लागेल ना?

खटपट्या

सवय लावू नका, दुरुस्त करून घ्या. दोन मार्ग आहेत, त्यातला एकच निवडा.

पहिला मार्ग कीबोर्डची पद्धत बदलायचा. बहुतेक कीबोर्डवर एफएन बरोबर एखादं अक्षर काही सेकंद धरून ठेवलं की पद्धत बदलते. ते अक्षर कुठलं, हे कंपनीप्रमाणे वेगळं असतं. सोबतच्या कागदावर असेल, नाहीतर त्या बटणांवरच बारीक अक्षरांत छापलेलं असतं.

दुसरा मार्ग आयपॅडमधला. कीबोर्ड जोडलेला असतानाच इथे जा, कारण जोडलेला नसेल तर Hardware Keyboard हा पर्याय दिसतच नाही:

```
Settings > General > Keyboard > Hardware Keyboard > Modifier Keys
```

तिथे Option Key समोर Command निवडा आणि Command Key समोर Option. बस्स.

एकच का म्हणतोय, तर कीबोर्डमध्येही अदलाबदल केली आणि आयपॅडमध्येही केली तर दोन्ही मिळून पुन्हा होतं तिथेच येतं. कीबोर्ड फक्त आयपॅडलाच लावत असाल तर पहिला मार्ग घ्या. तोच कीबोर्ड विंडोजच्या संगणकालाही वापरत असाल तर दुसरा, म्हणजे तिकडचं काही बिघडत नाही.

झालं की नाही ते बघायला स्क्रीनशॉटच काढायला हवा असं नाही. कमांड + स्पेस दाबा, शोधायची चौकट उघडली की समजा ते बटण खरोखर कमांड झालं. किंवा नोट्समध्ये कमांड नुसतं धरून ठेवा. जरा वेळाने त्या अ‍ॅपमधल्या शॉर्टकटची यादी स्क्रीनवर येते.

अनुजा_क

मलाही हेच हवं होतं, पण थोडं वेगळं. मला लांबलचक वेबपेज एकाच फोटोत घ्यायचंय, स्क्रीनवर मावतं तेवढंच नको. त्याला कुठला शॉर्टकट?

खटपट्या

त्याला वेगळा शॉर्टकट नाही. सफारीत पान उघडा, कमांड + शिफ्ट + 4 दाबा, आणि खुणा करायच्या पानावर वर Full Page दिसेल ते निवडा. ते पान पीडीएफ म्हणून Files मध्ये ठेवता येतं. Full Page सगळ्याच अ‍ॅपमध्ये दिसत नाही. दिसलं नाही तर त्या अ‍ॅपने ती सोय दिलेली नाही असं समजायचं.

सुमेध

माझ्याकडे नवीन आवृत्ती आहे, आयपॅडओएस 26. कोपऱ्यात छोटा फोटो येतच नाही, दर वेळी पूर्ण स्क्रीनभर उघडतो आणि तो बंद केल्याशिवाय पुढचा घेता येत नाही. एकामागोमाग एक घ्यायचे असतील तर फार खोळंबा होतो. वाचनवेडींनाही पुढेमागे हे भेटेल म्हणून सांगतोय.

खटपट्या

बरं आठवण केलीत. Settings > General > Screen Capture मध्ये Full-Screen Previews बंद करा, जुनी छोट्या फोटोची पद्धत परत येते.

मीनल

माझा प्रश्न अजून सुटलेला नाही, इथेच विचारते. कमांड + स्पेस चालतं, कमांड + सी चालतं. म्हणजे कमांड बरोबर आहे ना? तरी कमांड + शिफ्ट + 3 ला काहीच होत नाही. चिन्हही उमटत नाही. आयपॅड ऑफिसने दिलेला आहे.

रवी_प

ऑफिसचा आयपॅड म्हणजे ऑफिसनेच बंद केलं असणार. आमच्याकडेही तसंच आहे.

खटपट्या

असू शकतं, पण ते तपासून घेता येईल. व्यवस्थापनाखालच्या उपकरणावर स्क्रीनशॉटला बंदी घालता येते, आणि ती घातली असेल तर कुठल्याच मार्गाने निघत नाही. म्हणून मीनल, कडेच्या बटणांनी निघतो का ते आधी बघा. तसाही निघत नसेल तर कीबोर्डशी झगडण्यात अर्थ नाही, आयटीवाल्यांना विचारा. आणि फक्त एखाद्या व्हिडिओ अ‍ॅपमध्येच काळा फोटो येत असेल, तर ते अ‍ॅप स्वतः चित्र लपवतंय. त्यालाही इलाज नाही.

मीनल

बटणांनी निघतो, काळाही येत नाही. म्हणजे बंदी नाही.

खटपट्या

मग तीन बटणं एकदम पोचत नसतील. काही कीबोर्ड ठरावीक तीन बटणांची जोडी ओळखत नाहीत, दोन असली की चालतात. तुम्ही सांगितलेले चालणारे दोन्ही शॉर्टकट दोनच बटणांचे आहेत. शिफ्ट दुसऱ्या बाजूचा वापरून बघा. कमांड दोन्हीकडे असेल तर तोही बदलून बघा. आणि 3 वरच्या ओळीतला घ्या, उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडवरचा नको. तिन्ही करून निघाला नाही तर दुसरा एखादा कीबोर्ड तात्पुरता जोडून बघणं हाच मार्ग दिसतो.

मीनल

उजवा शिफ्ट, वरचा 3: नाही. डावा शिफ्ट तर आधीच वापरत होते. कमांड एकाच बाजूला आहे. कमांड + शिफ्ट + 4 मात्र चालतंय!

खटपट्या

4 चालतंय म्हणजे कमांड आणि शिफ्ट एकत्र पोचताहेत. मग संशय 3 वरच येतो, एक तर ते बटण किंवा त्या तिघांची जोडी. नोट्समध्ये शिफ्ट + 3 ने # उमटतं का? उमटत असेल तर बटण शाबूत आहे आणि दोष जोडीचाच. तोवर 4 वापरा, उघडलेल्या पानावर Done दाबून Save to Photos केलं की फोटो तिथेच जातो.

मीनल

# उमटतं. दुसरा कीबोर्ड मिळाला की कळवते.

वाचनवेडी

मी पहिला मार्ग घेतला, माझ्या कीबोर्डवर खुणा छापलेल्याच होत्या. आता आल्ट-कमांडचं बटण कमांडचंच काम करतंय.

पुस्तिकेचं काम करताना एक लक्षात आलं ते इथे लिहून ठेवते. कमांड आधी धरून शिफ्ट आणि 3 शोधत बसलं की मध्येच शॉर्टकटची यादी उघडते आणि हवी ती पायरी तिच्याखाली झाकली जाते. मी आता आधी शिफ्ट धरते, मग कमांड, आणि लगेच 3. दोन अ‍ॅप शेजारी-शेजारी उघडी असतील तर दोन्ही एकाच फोटोत येतात, तेव्हा 4 बरं पडतं: तिथल्या तिथे कडा ओढून अर्धा भाग कातरायचा, दाबायच्या जागेभोवती लाल गोल काढायचा. पुस्तिकेत टाकायचं चित्र फोटोंमध्ये साठवायलाही नको, Done मध्ये Copy and Delete आहे. ते दाबलं की थेट पानावर पेस्ट करता येतं आणि फोटोंमध्ये गर्दी होत नाही.

मीनल, तुमचं काय झालं ते नक्की सांगा.