बूस्ट केलेली पोस्ट मध्येच काढावी लागली : तुमचे अनुभव सांगा

देवगडची_सून
काल रात्री दहाला भाचीचा कोल्हापूरहून फोन. रडवेली झाली होती. गोधड्यांची पोस्ट बूस्ट केली आणि चित्रावरचा फोन नंबर एका आकड्याने चुकलेला. "मावशी, पोस्ट उडवू का? भरलेले पैसे जातील का?" तिच्याशी बोलताना मला माझा तीन वर्षांपूर्वीचा एप्रिल जसाच्या तसा आठवला.

आमच्या हापूसची पोस्ट होती. मागच्या वर्षीच्याच चित्रात तारीख बदलली आणि दर बदलायचा राहिला. पाच डझनाची पेटी 3,200 ची, चित्रावर 1,800. फेसबुकवर सहा दिवसांसाठी 3,000 रुपये लावले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी एका गिऱ्हाइकाने विचारलं, "खरंच अठराशे?" हातपाय गार पडले. मी सरळ पोस्ट डिलीट केली.

जाहिरात थांबली. तोपर्यंत 1,084 खर्च झाले होते. कार्डवर त्याचेच 18 टक्के जीएसटी धरून 1,279 कापले गेले. उरलेल्या 1,916 ला कुणी हात लावला नाही. म्हणजे ज्या पैशांसाठी मी घाबरले होते ते सुरक्षितच होते. गेलं ते वेगळंच. पोस्टखाली चाळीसेक लोकांनी चौकशी केली होती, काहींनी स्वतःचे नंबर दिले होते, ते सगळं पोस्टबरोबर गेलं. त्या हजार रुपयांनी मला तेच तर मिळालं होतं! डिलीट केलेली पोस्ट ट्रॅशमध्ये 30 दिवस राहते हे मला दीड महिन्याने कळलं.

तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली असेल तर लिहा. भाचीला हा धागा पाठवणार आहे.

सुगरण_डोंबिवली
अगं बाई गं. आणि 1800 मध्ये मागणाऱ्यांना काय सांगितलंस??

देवगडची_सून
तिघांनी आधीच पैसे पाठवले होते, त्यांना त्याच भावात पेट्या दिल्या. घरात जरा बोलणी खाल्ली पण शब्द तो शब्द. बाकीच्यांना फोन करून माफी मागावी म्हटलं तर नंबरच नव्हते हातात.

विजय_सातारा
एवढा विचार कशाला करता ताई. कार्ड काढून टाकायचं अकाउंटमधून. पैसे कापणार कुठून? मी तसंच केलं होतं, जाहिरात बंद पडली.

जाहिरातवाला_नाशिक
विजयदादा, जाहिरात बंद पडली हे खरं, पण तोवरचा खर्च थकबाकी म्हणून अकाउंटवर राहतो. पुढच्या वेळी बूस्ट करायला गेलात की आधी ती भरायला सांगतात. थकलेल्या रकमेमुळे जाहिरात खातं अडकलेली दोन गिऱ्हाइकं मी स्वतः सोडवली आहेत. कार्डाला हात लावू नका.

आता मूळ मुद्दा. मी बारा वर्षं हेच काम करतो, त्यामुळे जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

दाखवून झालेल्या जाहिरातीचे पैसे परत येत नाहीत. पोस्ट ठेवा किंवा उडवा, त्या रकमेत फरक पडत नाही. न खर्चलेल्या पैशांचं काय, हे पैसे कसे भरलेत त्यावर ठरतं. देवगडच्या ताईंसारखं कार्ड लावलं असेल तर 3,000 ही फक्त मर्यादा असते. आधी खर्च होतो, मग तेवढंच बिल येतं. यूपीआयने आगाऊ भरणा केला असेल तर उरलेली रक्कम जाहिरात खात्यात शिल्लक राहते आणि पुढच्या जाहिरातीला वापरता येते. ती लगेच बँकेत परत येईल अशी वाट पाहू नका. बरेच जण इथेच "पैसे बुडाले" असं समजतात, खरं तर ते `Billing & payments` मध्ये शिल्लक म्हणून दिसत असतात.

त्यामुळे चूक दिसली की पहिल्यांदा जाहिरात `Pause` करायची. डिलीट नाही. पॉजने खर्च थांबतो आणि पोस्ट, कमेंट, आकडे सगळं जागेवर राहतं. पॉज दाबल्यावर `Amount spent` थोडा वर सरकतो, कारण आधी दाखवून झालेल्याचा हिशोब मागून येतो. त्याला घाबरू नका. तासाभराने पुन्हा बघा, दुसऱ्या दिवशी परत बघा. आकडा तिथेच थांबलेला दिसला की जाहिरात खरोखर बंद आहे.

मग निवांत बसून कमेंट उतरवून घ्या, ज्यांनी विचारलंय त्यांना मेसेज करा, निकालाच्या पानाचे स्क्रीनशॉट काढा, पावती उतरवून ठेवा. जीएसटी नोंदणी असेल तर पावती लागतेच. हे झाल्यावर पोस्ट उडवायची की नाही ते ठरवा.

शिल्पा_ठाणे
दादा हे फार छान समजावलंत. सेव्ह केलं 🙏

रेवा_इचलकरंजी
मला एक कळलं नाही. पोस्ट डिलीट केली की जाहिरात आपोआप थांबतेच ना? मग आधी पॉज कशाला, दोनदा काम.

जाहिरातवाला_नाशिक
बूस्ट केलेलीच पोस्ट असेल तर थांबते, बरोबर आहे तुमचं. पण मग कमेंट गेल्या. पॉज केल्याने विचार करायला वेळ मिळतो, एवढ्यासाठीच.

क्लासवाले_सर_ठाणे
"आपोआप थांबते" वर विसंबू नका. माझा अनुभव सांगतो. दहावीच्या बॅचची जाहिरात, फी चुकली होती. पेजवरची पोस्ट काढली, निश्चिंत झालो. तीन दिवसांनी एक पालक फोनमध्ये तीच जाहिरात दाखवत क्लासवर आले! शोधल्यावर कळलं की ज्या मुलाला काम दिलं होतं त्याने बूस्ट केलंच नव्हतं. अ‍ॅड्स मॅनेजरमधून तेच चित्र टाकून वेगळी जाहिरात बनवली होती. ती पेजवर दिसतच नाही. पेजवरची पोस्ट आणि चालू जाहिरात या दोन वेगळ्याच गोष्टी होत्या. त्या तीन दिवसांचे नऊशे रुपये चुकीची फी सांगण्यात गेले.

आणि अ‍ॅड्स मॅनेजरचा ताबा त्या मुलाकडे, तो गावी गेलेला. तेव्हापासून जाहिरात खातं माझ्या नावावर, दुसऱ्याला फक्त काम करायची परवानगी.

सुगरण_डोंबिवली
सर तुमच्याकडे आठवीची बॅच आहे का, मुलाला गणित अवघड जातंय. डोंबिवलीहून ठाणे लांब पडेल म्हणा.

क्लासवाले_सर_ठाणे
आहे ताई, ऑनलाइन पण आहे. मेसेज करतो.

मनोहर_काका_पुणे
माझे 1,500 कापले आणि जाहिरात एकदाही दिसली नाही. नामंजूर झाली म्हणतात. हे पैसे परत कसे मिळवायचे? इथे कुणीच सांगत नाही.

जाहिरातवाला_नाशिक
काका, तुमचा प्रश्न थोडा वेगळा आहे. मंजुरीआधीच नामंजूर झाली असेल तर खर्च शून्य असायला हवा. 1,500 तुम्ही यूपीआयने भरलेत का? मग ते शिल्लक म्हणून खात्यात असतील. `Billing & payments` उघडून बघा आणि काय दिसतं ते लिहा.

मनोहर_काका_पुणे
यूपीआयनेच. संध्याकाळी नात आली की बघतो.

न्यूजर्सीकर
अमेरिकेतून लिहितेय. आमच्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाची पोस्ट, ऐनवेळी हॉल बदलला. बूस्ट थांबवलं. इथे फेब्रुवारी 2024 पासून आयफोनच्या अ‍ॅपमधून बूस्ट केलं की अ‍ॅपलचं 30 टक्के शुल्क वर लागतं, आणि पैसे आधीच भरावे लागतात. आता मी फोनच्या किंवा लॅपटॉपच्या ब्राउझरमधूनच करते, तिथे ते शुल्क नाही. आयफोनवाल्यांनी पैसे भरायच्या आधीच हे बघा, नंतर पोस्ट थांबवून ते वाचत नाहीत.

शिल्पा_ठाणे
बापरे 30%! भारतात पण आहे का हे?

न्यूजर्सीकर
तिथलं मी स्वतः करून पाहिलेलं नाही गं. पैसे भरायच्या पडद्यावर शुल्काची वेगळी ओळ दिसते, ती वाचून मगच पुढे जा.

पैठणी_आणि_मी
माझं मत थोडं वेगळं. पोस्ट उडवायचीच कशाला? चूक कुठे आहे ते बघा ना. मी इन्स्टावर पैठणीच्या रीलखाली "हातमाग" च्या जागी चुकून "यंत्रमाग" लिहिलं होतं. जाहिरात चालू असताना मजकूर बदलता येईना. मी फक्त जाहिरात डिलीट केली, पोस्ट ठेवली. मजकूर सुधारला, मग नव्याने बूस्ट केलं. लाइक, कमेंट सगळं तसंच. आधीचे 640 रुपये त्याच पोस्टच्या कामी आले.

जाहिरात डिलीट करणं आणि पोस्ट डिलीट करणं ही दोन वेगळी बटणं आहेत हे खूप जणींना माहीतच नसतं. माझ्या जावेने एकाऐवजी दुसरं दाबलं आणि दोनशे कमेंट गेल्या.

देवगडची_सून
हे मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं गं. पण माझी चूक चित्रातच होती, ते कसं बदलणार?

जाहिरातवाला_नाशिक
पैठणीताईंचं अगदी बरोबर. चूक मजकुरात असेल तर जाहिरात काढा, पोस्ट ठेवा. चित्रात किंवा व्हिडिओत असेल तर ते बदलता येत नाही, नवीन पोस्ट करावी लागते. तरी जुनी लगेच उडवू नका. जाहिरात पॉज ठेवून, वर खरा दर सांगणारी कमेंट पिन करा, चौकशा संपल्या की काढा.

रेवा_इचलकरंजी
हे नाही पटलं. चुकीचा दर असलेली पोस्ट पेजवर ठेवायची म्हणजे नवीन माणूस पण तोच दर मागणार. कमेंट कोण वाचतं? माझ्या दुकानाचं असतं तर स्क्रीनशॉट काढून तासाभरात पोस्ट उडवली असती.

जाहिरातवाला_नाशिक
दराच्या बाबतीत तुमचं म्हणणं मला पटतंय. फोन नंबर चुकला असेल तर मात्र मी ठेवेन, कारण विचारणारे कमेंटमध्येच आहेत.

विजय_सातारा
थकबाकी बघितली आत्ता. 312 दिसतायत. भरून टाकतो. धन्यवाद दादा.

मनोहर_काका_पुणे
नातीने उघडून दाखवलं. शिल्लक आहे खात्यात. आता नवीन जाहिरात करू की पैसे परत मागू, तेवढं सांगा.

सुगरण_डोंबिवली
काका, कशाची जाहिरात होती?

मनोहर_काका_पुणे
गुडघेदुखीच्या तेलाची. "आठ दिवसांत आराम" असं लिहिलं होतं.

जाहिरातवाला_नाशिक
काका, नामंजुरीचं कारण तेच वाक्य असणार. ते काढून पुन्हा पाठवा, शिल्लक वापरली जाईल.

देवगडची_सून
भाचीचा आत्ताच मेसेज आला. काल रात्रीच पॉज केलं होतं तिने. 212 वर आकडा थांबलाय, सकाळपासून हललेला नाही. कमेंटमध्ये अकरा जणी होत्या, सगळ्यांना खरा नंबर पाठवला, त्यातल्या दोघींनी गोधडी सांगितली. जुनी पोस्ट रविवारी काढणार, नवीन चित्र बनवतेय. या वेळी नंबर मला वाचून दाखवणार आहे.

सुगरण_डोंबिवली
गोधडीचा फोटो टाक ना इथे. बाळाच्या मापाची करते का ती?