मदत हवी आहे: लहानपणी बाप्तिस्मा झालेला असताना आता पुन्हा घ्यावा का?

पाऊलवाट:
माझा बाप्तिस्मा मी दीड महिन्याची असताना कॅथलिक चर्चमध्ये झाला. गेली दोन वर्षं मी एका बॅप्टिस्ट मंडळीत जाते. सभासद व्हायचं असेल तर पाण्यात बुडून बाप्तिस्मा घ्यावा लागेल, असं तिथले पाळक म्हणतात. आई म्हणते, दुसऱ्यांदा घेणं म्हणजे पहिल्याचा अपमान. दोघंही बायबलच उघडून दाखवतात. वयावरून एवढा फरक का पडतो, हे कोणी नीट समजावून सांगेल का?

जुनी_वही:
वय हा वादाचा शेवटचा भाग आहे. आधी एक प्रश्न विचारा: बाप्तिस्म्यात काम कोण करतं?

आईच्या चर्चचं उत्तर आहे, देव करतो. पाणी आणि "पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने" हे शब्द यांतून देव पाप धुतो, नवा जन्म देतो आणि आत्म्यावर कधीही न पुसणारी खूण उमटवतो. बाळाला यातलं काही कळत नाही, पण घेणाऱ्याला कळण्यावर ते दान अवलंबूनच नाही. म्हणून जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत बाप्तिस्मा करावा, असं कॅथलिक धर्मनियम सांगतो. अट एवढीच की मूल त्या श्रद्धेत वाढवलं जाईल अशी रास्त आशा हवी. ती अजिबात नसेल, तर फादर बाप्तिस्मा पुढे ढकलू शकतात.

तुमच्या पाळकांच्या मते बाप्तिस्मा म्हणजे विश्वास ठेवलेल्या माणसाने दिलेली उघड साक्ष. रोमकरांस पत्राच्या 6व्या अध्यायात ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं आणि उठणं आलं आहे. पाण्याखाली जाणं हे पुरणं, वर येणं हे उठणं. साक्ष स्वतःच द्यावी लागते, म्हणून बाळाचा बाप्तिस्मा त्यांच्या लेखी झालेलाच नसतो. तुम्हाला ते दुसरा बाप्तिस्मा देत नाहीत, त्यांच्या हिशोबाने हा पहिलाच आहे. आई "दुसरा" म्हणते आणि पाळक "पहिला" म्हणतात. आपापल्या मांडणीत दोघंही सुसंगत आहेत.

नदीकाठ:
इतकं गुंतागुंतीचं नाहीये. बायबलमध्ये बाळाचा बाप्तिस्मा कुठेच नाही. सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकात सगळ्यांना ख्रिस्ती करायचं म्हणून ही प्रथा सुरू केली.

जुनी_वही:
पहिलं वाक्य बरंचसं बरोबर आहे. नव्या करारात नाव घेऊन कुठल्याही बाळाचा बाप्तिस्मा सांगितलेला नाही. प्रेषितांची कृत्ये 16मध्ये लुदिया आणि तुरुंगाचा अधिकारी "घरच्यांसह" बाप्तिस्मा घेतात, पण त्या घरांत तान्ही मुलं होती की नाही ते लिहिलेलं नाही.

दुसरं मात्र चूक आहे. साधारण इसवी सन 200च्या सुमाराला ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन "लहान मुलांना घाई कशाला" असं लिहितो. म्हणजे तेव्हा कोणीतरी ते करत होतं. 253च्या सुमाराला कार्थेजचा बिशप सिप्रियन सांगतो की आठव्या दिवसापर्यंतसुद्धा थांबायची गरज नाही. चौथ्या शतकात तर उलटा कल दिसतो. बाप्तिस्म्यानंतर मोठं पाप घडलं तर काय, या भीतीने अनेकजण थांबत. खुद्द कॉन्स्टंटाइनने 337मध्ये, मरणाच्या दारात, बाप्तिस्मा घेतला. पुढे मोठा धर्मपंडित झालेल्या ऑगस्टीनची आई ख्रिस्ती होती, तरी त्याचा बाप्तिस्मा 387मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी झाला. पुढे त्यानेच आदिपापाची, म्हणजे माणूस जन्मतःच पाप घेऊन येतो ही, मांडणी पक्की केली आणि पश्चिमेत बाळांचा बाप्तिस्मा हाच नियम होऊन बसला.

मेरी_ताई:
माझ्या मुलाला आठवं लागलंय, त्याचा कॅथलिक बाप्तिस्मा राहून गेलाय. मग त्याला आता थांबवायचं का? आणि माझा भाऊ बॅप्टिस्ट आहे, तो धर्मपिता चालेल का?

जुनी_वही:
मेरीताई, धाग्याचा प्रश्न वेगळा आहे, पण तुमचं उत्तर सोपं आहे. थांबवू नका. सात वर्षं पूर्ण झाली की नियमानुसार मुलगा बाप्तिस्म्यापुरता मोठ्यांत धरला जातो. त्यामुळे त्याला शिकवण द्यावी लागेल आणि त्याची स्वतःची इच्छा विचारली जाईल. धर्मपिता किंवा धर्ममाता कॅथलिक, दृढीकरण झालेली आणि सर्वसाधारणपणे सोळा वर्षांपुढची लागते. तुमचा भाऊ त्या व्यक्तीच्या जोडीने साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो.

करारघर:
मी प्रेस्बिटेरियन परंपरेतून लिहितोय, कारण इथे दोनच बाजू आल्यात. आम्हीही बाळांना बाप्तिस्मा देतो, पण पाण्यानेच नवा जन्म होतो असं मानून नाही. अब्राहामाच्या करारात आठव्या दिवशी सुंता होई. तसा बाप्तिस्मा ही विश्वासणाऱ्यांच्या घरासाठी कराराची खूण आहे. विश्वास पुढे यायचा असतो. म्हणून आमच्याकडे आईवडिलांपैकी निदान एकजण विश्वासात हवा. बाळ बाप्तिस्म्याविना गेलं तर त्याचं तारण अडतं, असं आम्ही मानत नाही. कृती कॅथलिकांसारखी दिसते, अर्थ वेगळा.

नदीकाठ:
पण कलस्सैकरांस पत्र 2:12मध्ये "विश्वासाने" उठवले गेलात असं आहे. बाळाचा विश्वास कुठून आणणार?

करारघर:
त्याच्या आधीचं 11वं वचन सुंतेबद्दल बोलतं. आम्ही जोड तिथे पाहतो. सुंता झालेल्या बाळाकडे तरी विश्वास कुठे होता? तुम्हाला हे पटणार नाही याची कल्पना आहे. 1525मध्ये झ्यूरिखमध्ये याच मुद्द्यावर आमच्या परंपरेचा धर्मसुधारक झ्विंगली याच्यापासून त्याचेच शिष्य वेगळे झाले. मोठेपणी बाप्तिस्मा घेतला म्हणून 1527मध्ये त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला नदीत बुडवून मारलं. ते आमच्या बाजूने झालेलं पाप आहे.

पाऊलवाट:
आता प्रश्न कळतोय. पण प्रत्यक्षात मी बुडून घेतला आणि पुढे कधी आईच्या चर्चमध्ये परत आले, तर काय होईल?

जुनी_वही:
बाप्तिस्मा तिसऱ्यांदा होणार नाही. कॅथलिक चर्च तुमचा पहिलाच धरेल आणि मधल्याचा काही परिणाम झाला असं मानणार नाही. परत येताना रीतसर समेट करावा लागेल, तो भाग फादर सांगतील. म्हणून मूळ पॅरिशच्या नोंदवहीतला बाप्तिस्म्याचा दाखला काढून ठेवा.

पहिला बाप्तिस्मा खरोखर झाला का, हे दाखल्याने कळतं, पण शब्द चुकले असतील तर ते दाखल्यात दिसत नाही. "मी तुला बाप्तिस्मा देतो"ऐवजी "आम्ही तुला बाप्तिस्मा देतो" म्हटलेला विधी अवैध असल्याचं व्हॅटिकनने 2020मध्ये जाहीर केलं. शंका रास्त असेल आणि पुराव्याने फिटत नसेल, तर "तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल, तर मी तुला बाप्तिस्मा देतो" अशा सशर्त शब्दांत तो देतात. तुमच्याबाबतीत अशी शंका घेण्याचं कारण दिसत नाही.

एक गोष्ट पाळकांना जरूर विचारा. सगळ्याच बॅप्टिस्ट मंडळ्या सभासदत्वासाठी बुडून बाप्तिस्म्याची अट घालत नाहीत. काही ठिकाणी आधीचा बाप्तिस्मा आणि आताची विश्वासाची कबुली यांवर सभासद करून घेतात. हा वाद त्यांच्यात सतराव्या शतकापासून आहे. इंग्लंडमधला उपदेशक जॉन बन्यन याने 1673मध्ये पाण्यावरून कोणाला सहभागितेबाहेर ठेवू नये, अशी बाजू मांडली होती.

नदीकाठ:
ती सवलत मला मान्य नाही. आज्ञा आहे तर ती पाळायलाच हवी. कॉन्स्टंटाइनबद्दल मात्र माझं चुकलं, मान्य.

पाऊलवाट:
रविवारी पाळकांना विचारते. आईला आज एवढंच सांगितलं की त्यांच्या लेखी हा पहिला आहे. ती म्हणाली, "मग मी तुला हातात धरून उभी होते ते काय होतं?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

करारघर:
हाच प्रश्न पाळकांसमोर ठेवा. त्या दिवसाला बाप्तिस्मा न मानणाऱ्या बऱ्याच मंडळ्या बाळाला देवापुढे अर्पण करतात आणि आईवडिलांकडून वचन घेतात. आईने तेव्हा दिलेलं वचन ते काय समजतात, हे त्यांच्या तोंडून ऐका.