प्रतिसाद: फुगवटा दोन्ही बाजूंना आहे का?

“लोकसंख्या मनोऱ्याचा मधला भाग फुगलेला म्हणजे पूर्वी जन्म जास्त झाले, एवढेच ना?”

नेहमीच नाही. या आलेखात लहान वयापासून वरच्या वयापर्यंतचे पट्टे खालून वर रचलेले असतात, एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला स्त्रिया; म्हणून आधी डावी-उजवी बाजू ताडून पाहावी. जपानमध्ये १९४७ ते १९४९ या काळात जन्मलेल्यांचा फुगवटा स्त्री-पुरुष दोन्हीकडे आहे आणि तो दर पाच वर्षांनी एक वयोगट वर सरकतो, म्हणून तो जन्मदराचाच. कतारमधला फुगवटा मात्र मुख्यतः कामकरी वयाच्या पुरुषांकडे आहे, कारण ते परदेशी मजूर आहेत. ते परततात, नवे येतात, म्हणून फुगवटा वर चढत नाही, आणि टक्केवारीत पाया अरुंद दिसतो तोही बराचसा त्यांच्यामुळेच.

आमच्या बीडकडे ऊसतोडीच्या हंगामात गावात हजर माणसे मोजली, तर नेमके उलटे चित्र दिसेल: कोयत्यावर नवरा-बायको जोडीने जात असल्याने मधले पट्टे दोन्ही बाजूंनी खचलेले.