मदत हवी आहे: चप्पलच्या दुकानाची वेबसाईट करायचीय, कोटेशन देणाऱ्याला काय काय विचारू?

चप्पललाईनकर: नमस्कार मंडळी, भवानी मंडपाजवळ चप्पल लाईनला आमचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. आता मी आणि पप्पा बघतो. वेबसाईट करायची डोक्यात आहे आणि एकाने 45 हजाराचं कोटेशन दिलंय, त्यात 300 प्रॉडक्ट, पेमेंट गेटवे, कॅश ऑन डिलिव्हरी, एक वर्ष मेंटेनन्स असं सगळं लिहिलंय. पण त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही, फक्त लोगो आणि फोटो पाठवा म्हणाला, त्यामुळं मला जरा धाकधूक वाटायलीय. पाच वर्षांपूर्वी एकाकडून केली होती, त्याने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं आणि नंतर फोन उचलायचं बंद केलं, ते नाव आजपण आमच्या हातात नाही. दुकानात कापशी, पुकरी, बक्कलनाळी, लेडीज असं मिळून तीनशेच्या आसपास जोड लावलेले असतात, बरेचसे एकेकच. कुणी केली असेल तर सांगा, मी काय विचारायला पाहिजे?

मंगळवारपेठ_७: भावा वेबसाईट कशाला करतोस, रील टाक रोज एक. माझ्या मित्राचं मिसळीचं हाटेल रीलवरच चाललंय.

चप्पललाईनकर: दादा रील चालू आहेत, बघतात पण लोक, पण पुण्या-मुंबईवाला साईज विचारतो, मग फोटो मागतो, मग परत दर विचारतो, एका जोडीला चाळीस मेसेज होतात. तेच कमी करायचंय.

सर्व्हरवाले_काका: मी 14 वर्षं हेच काम करतोय, बहुतेक कोल्हापूर-सांगलीच्या दुकानांचंच. तुम्ही आत्ता जे लिहिलंत ना, चाळीस मेसेज कमी करायचेत, हाच तुमच्या वेबसाईटचा हेतू आहे आणि तो कोटेशनमध्ये कुठंच नाही. आधी मला एक सांगा, बाहेरून ऑर्डर देणारे कोण असतात? नवीन की अंबाबाईच्या दर्शनाला आल्यावर तुमच्याकडनं घेऊन गेलेले?

चप्पललाईनकर: बहुतेक आधी घेऊन गेलेलेच, दहातले सात तरी. "मागच्या वर्षीसारखीच पाठवा" म्हणतात.

सर्व्हरवाले_काका: मग झालं की. त्यांना तुमच्यावर विश्वास आहे, साईज माहीत आहे, फक्त तीच चप्पल ओळखता यायला पाहिजे. अशा गिऱ्हाइकासाठी 300 प्रॉडक्ट टाकू नका. तुमचे तीनशे जोड म्हणजे डिझाईन किती होतात? माझा अंदाज 25-30. डिझाईन टाका, जोड नको. कारण हाताने केलेला एकेक जोड वेबसाईटवर "शिल्लक 1" म्हणून टाकला आणि इकडं रविवारी गर्दीत पप्पांनी तो काउंटरवर विकला, तर वेबसाईटला कोण सांगणार? रात्री तिकडं ऑर्डर पडते, पैसे जमा होतात, आणि सकाळी तुम्ही माफी मागत बसता. हे मी तीन दुकानांत बघितलंय. त्यापेक्षा डिझाईनवर स्पष्ट लिहा की ऑर्डरनंतर बनवून 12 दिवसांत पाठवतो, कारागिराला खरंच जेवढे लागतात तेवढेच लिहा.

साईजचं तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. नवीन गिऱ्हाइकाला ए-फोर कागदावर उभं राहून पायाची बाह्यरेषा काढायला सांगा आणि पूर्ण कागद दिसेल असा वरून सरळ फोटो मागवा. कागद 29.7 सेंटीमीटर लांब असतोच, त्यावरनं पायाचं माप काढता येतं. पाय तिरका ठेवून काढलं किंवा फोटो कडेने घेतला की फसतं, तेवढं बघा.

शाहूपुरीची_सून: माझा अनुभव सांगते, चप्पल नाही पण कांदा-लसूण चटणी पाठवते मी. पार्सल कुरिअरमध्ये फुटून तेल गळायचं, मग डबा बदलला. चपलेला हा त्रास नसेल, पण पावसाळ्यात ओल लागते का ओ?

चप्पललाईनकर: लागते ताई, कातडं भिजलं की बुरशी धरते, म्हणून जून ते सप्टेंबर प्लॅस्टिकची पिशवी आणि वर पुठ्ठा करतोच. दुसरी तक्रार म्हणजे "कान घट्ट आहे, बदलून द्या", आणि ती पहिल्या दोन दिवसांत येते. चार दिवस घातली की सैल होते, हे लोकांना पटतच नाही.

सर्व्हरवाले_काका: हे वाक्य जसंच्या तसं प्रॉडक्टच्या पानावर टाका, फोटोच्या खाली, शेवटी नको. आणि रंगाचंही, तेल लावल्यावर गडद होतो ते. परत येणारं पार्सल कमी करायचा यापेक्षा स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

उचगावकर: जीएसटी लागत नाही बरं का, 40 लाखाच्या आत उलाढाल असेल तर. बिनधास्त चालू करा.

सर्व्हरवाले_काका: उचगावकर, ते अर्धंच बरोबर आहे. 40 लाखाची मर्यादा मालासाठी आहे खरी, पण राज्याबाहेर माल विकला की साधारणपणे नोंदणी लागते, उलाढाल कितीही असो. हस्तकलेच्या काही वस्तूंना सवलत आहे, तुमची चप्पल त्यात बसते का ते सीएला विचारा, वेबसाईटवाल्याला नको.

आता पैसे. कॅश ऑन डिलिव्हरी बघून लोक खूश होतात, पण हिशोब करा. 1200 ची जोडी, खर्च जाऊन 250 सुटतात धरू. दहा ऑर्डर गेल्या, तीन घेतल्याच नाहीत. जाण्यायेण्याचं कुरिअर प्रत्येकी 180 म्हणजे 540 गेले, सात पोहोचल्या त्याचे 40 प्रमाणे कॅश गोळा करायचे 280. म्हणजे 1750 मधले उरले 930. ऑनलाईन पैसे घेतले तर गेटवे साधारण 2 टक्के घेतो, वर त्या फीवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे जोडीला 28 रुपये. पाचच ऑर्डर आल्या तरी 1110 राहतात. शिवाय परत आलेल्या चपला चुरगळलेल्या असतात ते वेगळंच. तुमचा कुरिअरचा दर घालून परत काढा.

गेटवे चालू करायचं तर वेबसाईटवर रिटर्न, डिलिव्हरी, संपर्क आणि प्रायव्हसीची पानं लागतात, नाहीतर अर्ज अडकतो. पण सुरुवातीला गेटवे नाही घेतला तरी चालेल. प्रत्येक डिझाईनखाली प्रत्येक साईजसाठी असं एक बटण ठेवा, त्यात तोच कोड आणि साईज घालून:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Kapshi-03%20size%208
```

नंबर 91 पासून, 91 च्या पुढं जादा शून्य नको आणि मध्ये डॅश नको. गिऱ्हाइकाने दाबलं की डिझाईनचा कोड आणि साईज लिहून आलेलीच असते, तुम्ही युपीआयचा क्यूआर पाठवायचा. चाळीसचे चार-पाच मेसेज होतील.

चप्पललाईनकर: हे लई भारी काका. मग 45 हजाराचं काम उरतंच नाही की. आणि डोमेनचं?

सर्व्हरवाले_काका: डोमेन तुम्ही स्वतः घ्यायचं, तुमच्या ईमेलने, तुमच्या कार्डने, आणि डेव्हलपरला फक्त लागेल तेवढाच प्रवेश द्यायचा. त्याला सरळ विचारा: वर्ष संपल्यावर रिन्यूअल किती, बॅकअप कुठं आणि कोण घेतो, दर बदलायचा तर मी स्वतः बदलू शकतो का. शेवटच्याला "आम्हाला सांगा, करून देऊ" असं उत्तर आलं तर समजा प्रत्येक दिवाळीला तुम्ही त्याच्या मागे फिरणार. पप्पांना मोबाईलवरनं एक दर बदलून दाखवायला लावा, तेवढी डेमो बघूनच ॲडव्हान्स द्या. जुनं डोमेन मात्र सुटणं अवघड आहे. नोंदणी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याच्या संमतीशिवाय सहसा हलत नाही, एक्स्पायर होतंय का बघत राहा.

मंगळवारपेठ_७: जुन्या नावावर गिऱ्हाईक येत असतील तर तेच विकत मागून बघ की, पाच हजारात देईल.

सर्व्हरवाले_काका: मागून बघायला हरकत नाही, पण पैसे डोमेन तुमच्या खात्यात आल्यावरच. आधी नाही.

चप्पललाईनकर: त्याने जुन्या नावाचं आता काय केलंय तेच बघायला लागेल, उघडलं तर कोरं पान येतंय. पप्पांना काल हा हिशोब दाखवला, ते म्हणाले कॅश ऑन डिलिव्हरी नसेल तर नवीन माणूस येणारच नाही, आणि मला ते पण पटतंय. आधी 28 डिझाईनचे फोटो काढायला घेतलेत, सकाळी दुकानाच्या दारातल्या उजेडात. नवीन गिऱ्हाइकाकडनं 200 रुपये ॲडव्हान्स घेऊन बाकी कॅश, असं कुणी केलंय का इथं?

शाहूपुरीची_सून: मी करते, पण शंभरच घेते.