मदत हवी आहे: ११ महिन्यांचा करार, तरी लीज लायबिलिटी?

गोदामवाला_भिवंडी:
आमच्या कंपनीला इंड एएस ११६ लागू आहे. भिवंडीतलं गोदाम लिव्ह अँड लायसन्सवर घेतलंय. मुदत ११ महिने, भाडं महिनाअखेर ४ लाख. करारात एक कलम आहे: आम्हाला हवं असेल तर त्याच भाड्याने आणखी दोनदा ११-११ महिने वाढवता येईल. आत ३८ लाखांचे रॅक नुकतेच बसवलेत. ऑडिटर म्हणतात शॉर्ट-टर्मची सूट मिळणार नाही. बरोबर आहे का?

नाना_हिशेबनीस:
१२ महिन्यांच्या आत आहे ना? मग सूट आहे. भाडं सरळ खर्चात टाका. ऑडिटर उगाच घाबरवतात.

सीए_ठाणे:
नाना, १२ महिन्यांचं बरोबर, पण कागदावरची मुदत मोजायची नाही. वाढवण्याचा हक्क भाडेकरूचा असेल आणि तो वापरला जाईल हे जवळपास नक्की असेल, तर ते महिनेही पहिल्या दिवसापासून धरायचे. ३८ लाखांचे रॅक ११ महिन्यांत उखडून कोण नेतो? म्हणजे मुदत ३३ महिने. तुमचा कर्जाचा दर ९ टक्के धरला तर लायबिलिटी सुमारे १ कोटी १६.५ लाख येते. कराराला लायसन्स म्हटलं म्हणून सुटका नाही. गोदाम तुमच्याच ताब्यात आहे.

मीनल_के:
आमचं थोडं वेगळं. ४० लॅपटॉप तीन वर्षांच्या लीजवर, प्रत्येकी साधारण ६० हजारांचे. एकूण २४ लाख होतात, म्हणून आम्ही लायबिलिटी दाखवली. शिवाय एक जुना फोर्कलिफ्ट आहे, आज त्याला लाखही येणार नाही. तो तर सुटेल ना?

सीए_ठाणे:
उलटं झालंय. कमी किमतीची सूट वस्तूगणिक बघतात, बेरीज करायची नसते. लॅपटॉप सुटले असते. फोर्कलिफ्टची मात्र नवा असतानाची किंमत बघायची. मानकात आकडा नाही, पण ते बनवणाऱ्यांच्या डोळ्यासमोर ५,००० डॉलरच्या आसपासच्या वस्तू होत्या. नवा फोर्कलिफ्ट त्यात बसणं कठीण.

गोदामवाला_भिवंडी:
मग पुढच्या करारात मुदतवाढीचं कलमच काढलं तर? दर ११ महिन्यांनी दोघांच्या संमतीने नवा करार. मालक काही आम्हाला काढणार नाही.

सीए_ठाणे:
मालकाने नाही म्हटलं तर राहण्याचा हक्क उरत नाही, म्हणून कागदोपत्री मुदत ११ महिनेच. पण करार मोडल्यास कोणाला किती फटका बसतो हेही बघतात, नुसता दंडाचा आकडा नाही. तुमचे रॅक तिथे पुन्हा आडवे येतात. आणि ही सूट प्रकारानुसार घ्यायची असते: गोदामांसाठी घेतली तर ११ महिन्यांच्या सगळ्या गोदामांना.

नाना_हिशेबनीस:
माझ्या एका क्लायंटचं असंच होतं, त्यांच्या ऑडिटरने मान्य केलं.

सीए_ठाणे:
रॅक होते का त्यात?

नाना_हिशेबनीस:
नाही. मोकळं शेड होतं.

गोदामवाला_भिवंडी:
आमचे रॅक बोल्टचे आहेत, सुटतात. काढून दुसरीकडे लावायचं कोटेशन मागवतो. ७-८ लाखांत झालं तर ऑडिटरशी पुन्हा बोलता येईल का?

सीए_ठाणे:
बोला. पण त्यात गोदाम बंद राहील त्या दिवसांचा तोटाही धरा.