मदत हवी आहे: बायकोसाठी मेसेजची शेवटची ओळ

गुरुवारी आमच्या लग्नाला 31 वर्षं होतील. मेसेज लिहायला बसलो तर चार ओळींत ‘तुझी साथ’ तीनदा आलं. एका जागी ‘सोबत’ घातलं, पण ती नुसती टोपी बदलली! मग शब्द सोडून प्रसंग धरला:

“गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसल्यावर तू माझा दंड घट्ट धरला होतास. परवा दवाखान्याच्या जिन्यावर मी तुझा धरला.”

इथे साथ न म्हणताही कळते. पण शेवट अडलाय. ‘अशीच साथ दे’ लिहिलं तर पुन्हा तेच. जेवताना ती न बोलता शेंगाचटणीची वाटी माझ्याकडे सरकवते, त्यावरून एखादी ओळ सुचवाल का? फिल्मी नको, ती हसेल.